दोन ओळींची वारी : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

आईच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी गुलाब येतात. गुलाबावर दव, दवावर 'शुभ सकाळ' आणि कोपऱ्यात कुठल्या तरी ॲपचं नाव. मागच्या वर्षी आई म्हणाली होती, "वारीच्या दिवसांत तरी काहीतरी धड पाठव गं." यंदा माउलींची पालखी १९ जूनला आळंदीहून निघते आणि आषाढी ६ जुलैला आहे. म्हणजे अठरा दिवस. रोज दोन ओळी द्यायच्या, एवढाच प्रकल्प.

अटी मीच घातल्या. एक, ओळी दोनच. दोन, मंडळातल्या बायकांना नेहमीच्या अभंगाच्या चालीत म्हणता याव्यात. तीन, व्हिडिओ केला तर वीस सेकंदांच्या आत संपावा. आणि चौथी, जी लिहायला सोपी आणि पाळायला अवघड: तिसऱ्यांदा वाचतानाही ओळींत काहीतरी उरलं पाहिजे.

४ जून, बुधवार

आधी छंद ठरवणं भाग होतं. दोह्याचा मोह झाला, कारण दोन ओळी म्हटलं की दोहाच आठवतो. पण दोहा मात्रांवर चालतो, तेरा आणि अकरा. मराठीत तो ओढूनताणून आणला की ओळी हिंदीतून उतरवल्यासारख्या वाटतात. सहा लिहिल्या, सहाही फेकल्या.

आपल्याकडे घरचा माल आहेच. अभंगाचे दोन साचे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. मोठ्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार. हे चार चरण दोन ओळींत बसवले की पहिली ओळ बारा अक्षरांची आणि दुसरी दहाची होते. बावीस अक्षरांत खेळ खलास. इथे मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, ते गाणारा सांभाळून घेतो.

मोठा अभंग निवडला, आणि त्याचं कारण मला आजच नीट कळलं. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया'. यमक आहे दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, विटेवरी-कटावरी. म्हणजे कानाला हवी असलेली जुळणी शेवट येण्याआधीच होऊन जाते. मग उरतात चार अक्षरं. त्यांच्यावर यमकाचं ओझं नाही, आणि ती कुणाला ओळखताही येत नाहीत. लहान अभंगात यमक अगदी टोकाला असतं, त्यामुळे पहिला चरण संपताच अर्ध्या जणांनी दुसऱ्याचा शेवट मनात जुळवलेला असतो. मोठ्या अभंगात तसं होत नाही. दोन ओळींत खोली आणायची, तर ती या शेवटच्या चार अक्षरांतूनच येणार असा माझा कयास आहे.

७ जून, शनिवार

पहिली पूर्ण जोडी:

विठू तुझे नाम, अमृताचे धाम
देई रे विश्राम जिवालागी

बोटांवर मोजलं. सहा, सहा, सहा, चार. यमक चोख. आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "छान आहे. कॅलेंडरवर असतं ना हे?"

तिला टोमणा मारायचा नव्हता, म्हणून तो जास्त लागला. रात्री ओळींकडे पुन्हा पाहिलं. नाम, अमृत, धाम, विश्राम, जीव. पाचही शब्द आधीच पवित्र झालेले. एकही शब्द मी कुठून आणलेला नाही, सगळे तयार मिळाले. 'नाम' म्हटल्यावर 'धाम' येतंच, नाहीतर 'काम' किंवा 'राम'. लिहिणारीनं काही पाहिलंय याची खूण कुठेच नाही.

यातून एक चाचणी निघाली. दुसरी ओळ हाताने झाकायची आणि पहिली कुणालाही वाचायला द्यायची. त्याला दुसरीचा अंदाज आला तर जोडी बाद. ही जोडी ऑफिसातल्या दोघांना दाखवली. एकाने 'विश्राम' ओळखला, दुसरा म्हणाला, "पुढे आराम असेल." बाद.

११ जून, बुधवार

आज श्लेष सुचला आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

अठ्ठावीस युगे उभा राहूनही
वीट आला नाही विठ्ठलाला

वीट म्हणजे पायाखालची वीट आणि वीट येणं म्हणजे कंटाळणं. झाकण्याच्या चाचणीत पास, दुसरी ओळ कुणालाच आली नाही. मैत्रिणींना पाठवलं तर सगळ्यांचे हसरे चेहरे, दोघींनी लगेच पुढे ढकललं. अंक पाहिले तर आतापर्यंतची सर्वांत यशस्वी जोडी हीच.

पण तिसऱ्यांदा वाचताना हाती काही लागत नाही. श्लेष कोड्यासारखा असतो, उकलला की संपला. शिवाय शेवटची चार अक्षरं मी 'विठ्ठलाला' या नावावर खर्च केली, आणि ते नाव पहिल्या ओळीतच कळलेलं होतं. सर्वांत महागडी जागा आणि तिथे पत्त्याची पाटी. ही जोडी अठरांत ठेवते, एखाद्या दमलेल्या दिवशी लोकांना हसायलाही हवं असतं. पण असल्या दोनाहून जास्त नकोत.

१४ जून, शनिवार

सासवडला आईकडे आले होते. भाऊ कॅनडाला जाऊन सात वर्षं झाली. तो कॉलेजात असताना संध्याकाळच्या एसटीने यायचा, तेव्हाची आईची एक सवय अजून सुटलेली नाही. देवापाशी दिवा लावला की ती उंबऱ्याशी येते, दोन्ही हात कमरेवर ठेवते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते. पाचएक मिनिटं. कुणाची वाट बघते असं नाही, आता तो वेळच तिथे उभं राहायचा झालाय. आज मी मागून पाहत होते. पदर खोचलेला, कोपरं बाहेर, आणि ओट्यावरचा दिवा तिच्या पाठीमागे.

आता हे लिहायचं. पहिला खर्डा बसल्याजागी झाला:

आई माझी विठू, घर हे पंढरी
उभी माझ्या दारी वाट पाहे

अक्षरं बरोबर, आणि ओळी मेलेल्या. 'आई माझी विठू' म्हटलं की वाचणाऱ्याला करायला कामच उरत नाही. उपमा सांगून टाकली आणि मग तीन चरण तिचीच री ओढली. 'माझ्या दारी' तर खोटंच आहे, ती तिच्या दारात उभी असते.

१५ जून, रविवार

विठू हा शब्द काढला. त्याच्या जागी त्याची फक्त उभं राहण्याची रीत ठेवली.

कर कटेवरी, उभी माय दारी
लेकाची ती वारी चुकलेली

'कर कटेवरी' ही सहा अक्षरं मराठी माणसाच्या कानावर पडली की विठोबा आपोआप उभा राहतो. नाव घ्यावं लागत नाही. दोन ओळींना खोली येते ती बहुतेक अशीच: तुम्ही सहा अक्षरं लिहिता आणि सातशे वर्षांचं ऐकलेलं त्यांच्या मागे येऊन उभं राहतं. ते उसनं आहे हे मान्यच. फक्त उसन्या गोष्टीने काहीतरी नवं दाखवायला हवं, इथे ती दारातली बाई.

दुसरी ओळ मात्र दोन ठिकाणी फसली आहे. 'ती' हे भरीचं अक्षर आहे, सहा पुरे करायला घुसडलेलं. भरीचं अक्षर ओळखायची खूण सोपी: ते काढून ओळ वाचायची, अर्थ तसाच राहिला तर ते भरीचं. लांब अभंगात अशी चार-पाच अक्षरं खपून जातात. बावीसांत एक जरी असलं तरी दात पडल्यासारखं दिसतं.

दुसरी चूक जास्त गंभीर. 'चुकलेली' म्हटलं की ओळी लेकाला दटावायला लागतात. हे मी भावाला पाठवलं असतं तर तो वाचून गप्प बसला असता. आणि 'आईवडिलांना विसरू नका' छापाच्या मेसेजांत आणखी एकाची भर पडली असती. भक्ती राहिली बाजूला, कानउघाडणी झाली.

१७ जून, मंगळवार

लेकाला पंढरी दूर झाली.

भाजी निवडताना आलं. 'झाली' या क्रियापदाने सगळं सोडवलं. कुणी केली नाही, झाली. लेकाकडे बोट नाही. आणि आई विठोबासारखी दिसते हे न सांगता तिचा उंबरा पंढरी होऊन गेला. शिवाय वारी उलटी झाली. इथे चालत येणारा अडकलाय आणि उभा राहणारा तसाच उभा आहे.

भाचीला वाचायला दिलं. ती इंग्रजी शाळेत आठवीत आहे. "आजी चिडलीय का?" म्हणाली. कमरेवर हात म्हणजे तिच्या लेखी राग. मी हसले, पण मुद्दा खरा आहे. ज्याच्या कानात ती सहा अक्षरं आधीपासून नाहीत, त्याच्यासाठी हे नुसतं एका वैतागलेल्या बाईचं चित्र आहे. या लिखाणाची हद्द इथे संपते, आणि ती पुसायला शेजारी विठ्ठलाचं चित्र लावलं तर बाकीच्यांसाठी सगळं फुकट जाईल.

१८ जून, बुधवार

शेजारच्या कीर्तनकार बुवांना जोडी ऐकवली. त्यांनी डोळे मिटून दोनदा म्हटली आणि म्हणाले, "दारी, पंढरी. यमक लंगडं आहे. आरी आणि अरी." मी म्हटलं, शेवटचं अक्षर जुळतंय की. "जुळतंय, पण तुमच्याकडे चांगलं जुळणारं घरातच पडलंय. चरणांची अदलाबदल करा."

उभी माय दारी, कर कटेवरी
लेकाला पंढरी दूर झाली

कटेवरी, पंढरी. यमक नीट बसलं. पण यमकापेक्षा मोठं काम झालं ते क्रमाने. आता आधी दिसते एक साधी बाई, दारात उभी. मग तिचे हात कमरेवर जातात आणि ती बदलते. आधीच्या क्रमात विठोबा पहिला येत होता आणि आई नंतर, म्हणजे उपमा आधी आणि माणूस मागून. भाचीला पुन्हा दाखवलं. "वाट बघतेय," म्हणाली. एकही शब्द बदललेला नाही.

१९ जून, गुरुवार. प्रस्थान

पहिली जोडी पाठवली (एक साधीच, तुळशीवरची. इथे लिहिण्यासारखी नाही). मजकूर म्हणून पाठवावी की चित्र म्हणून, यावर सकाळ गेली. आईच्या फोनवर अक्षरं सगळ्यांत मोठी करून ठेवलेली आहेत. तिथे बारा अक्षरांची ओळ एका रांगेत मावत नाही. शेवटचा शब्द घरंगळून खाली जातो आणि दोन ओळींच्या तीन होतात, त्याही नको तिथे तुटून. चित्रात ओळी जागेवर राहतात, पण चित्रातले शब्द कुणाला उतरवून घेता येत नाहीत. मंडळातल्या बायकांना वहीत लिहायचं असतं. शेवटी दोन्ही पाठवायचं ठरलं. मजकुरात प्रत्येक चरणाची वेगळी ओळ करते, म्हणजे चार तोकड्या ओळी दिसतात. कागदावर दोनच आहेत, फोनवर चार. माझी हरकत नाही.

२१ जून, शनिवार

व्हिडिओ. पहिल्या खेपेला दोन्ही ओळी पडद्यावर एकदम आणल्या आणि वर आवाज लावला. फसलं, कारण डोळा कानाच्या पुढे धावतो. मी 'उभी माय' म्हणतेय तोवर बघणाऱ्याने 'दूर झाली' वाचूनही टाकलं. ज्या चार अक्षरांसाठी एवढी यातायात केली ती आधीच फुटली. आता चरण एकेक करून आणते, आणि तिसरा संपल्यावर दीड सेकंद काहीच नाही. मग चौथा.

अक्षर-अक्षर उमटवण्याची सोय वापरून पाहिली. देवनागरीत ती चालत नाही. आधी 'झ' येतो, मग त्याला काना लागतो. 'रस्ता' तर 'रस्' वर पाय मोडून थांबतो. शब्द अख्खाच आणायचा. आणि मजकूर पडद्याच्या खालच्या भागात नको, तिथे नाव आणि बटणं येऊन बसतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लिहिण्याशीच संबंधित आहे. बोलताना आपण शब्दातला 'अ' गिळतो. 'माय' लिहिताना दोन अक्षरं, तोंडात एकच ठोका. 'कर' तसंच, 'दूर' तसंच. गाताना अभंगात प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहतं, मा-य, क-र. म्हणजे बोटांवर बरोबर असलेली ओळ नुसती बोलली तर कधी कधी लंगडते. मोजताना आता दोनदा मोजते: एकदा लिहिलेलं, एकदा बोललेलं. व्हिडिओत बोलायचं असेल तर दुसरा आकडाही चरणागणिक फार हलता कामा नये.

२२ जून, रविवार. दिवे घाट

पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालले. घाटात रेंज गेली, मग फोनच गेला.

संपली बॅटरी, नकाशा विझला
रस्ता उमजला पावलांना

घाटमाथ्यावर बसून बोटांवर मोजलं, तिथेच झालं. रात्री आईच्या ओट्यावर मंडळातल्या दोघींनी चालीत धरलं, आणि 'बॅ-ट-री' ला दोघींनाही हसू आवरेना. बोलताना तो शब्द 'बॅट्री' होतो, आणि 'संपली' ची 'संप्ली'. सहाचे चार ठोके राहतात. गाताना मात्र एवढा लांबतो की विनोदी वाटतो. दोन्हीकडून अडचण. तरी शब्द बदलणार नाही.

काकांचा आक्षेप वेगळा होता: "यात देव कुठे आहे?" वारीच्या वाटेवर पाठवलं तर आहे, असं मी म्हटलं. आणि डिसेंबरात कुणी वाचलं तर? तर नाही, मग ती फक्त हरवलेल्या माणसाची गोष्ट. हे त्यांचं बरोबर आहे. ही जोडी अठरा दिवसांपुरतीच जिवंत आहे.

२८ जून, शनिवार

'उभी माय दारी' २४ तारखेला पाठवली होती. आज ती एका वेगळ्याच ग्रुपवरून माझ्याकडे परत आली. वर गुलाब. 'लेकाला' चं 'लेकासाठी' झालेलं, म्हणजे सातवं अक्षर घुसून चाल मोडलेली. आणि खाली लिहिलंय, 'संत जनाबाई'.

पहिल्यांदा सुखावले, हे कबूल करते. मग घाबरले. आपल्या ओळी हरवल्याचं फारसं काही नाही, पण उद्या कुणी या ओळी जनाबाईंच्या म्हणून शाळेच्या कार्यक्रमात वाचल्या तर ती फसवणूक आहे आणि तिची सुरुवात माझ्याकडून झालीय. अभंगात शेवटी कवीची नाममुद्रा असते ती याचसाठी. 'तुका म्हणे' ही नेमकी चार अक्षरं आहेत, पण माझ्या बावीसांत मुद्रेसाठी चार काढली तर सांगायला अठराच राहतात, आणि तीही शेवट गमावून.

जुनी भाषा हेच यामागचं कारण आहे. 'माय', 'कर', 'कटेवरी', सगळं संतांच्या घरचं. बॅटरीच्या जोडीखाली कुणीही जनाबाई लिहिणार नाही. म्हणून उरलेल्या जोड्यांत प्रत्येकीत एक तरी शब्द आजचा असेल: एसटी, पास, रेनकोट, टँकर. आणि मजकुराच्या शेवटी वेगळ्या ओळीत 'वारी २०२५, दिवस अमुक' लिहायचं. लोक ते काढतीलच. तरी.

२ जुलै, बुधवार

अठरा होत नाहीत. आजवर नऊ पाठवल्या, दोन तयार आहेत. बाकीच्या झाकण्याच्या चाचणीत पडल्या. रोज एक हा हट्ट सोडला. ग्रुपवर कुणी विचारलंही नाही. गुलाब येतच होते.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

सकाळपासून सासवडला. दुपारी मंडळाचं भजन, साबुदाण्याची खिचडी, मग परत भजन. पाचच्या सुमारास आईने 'उभी माय दारी' धरलं. ते ती म्हणणार आहे हे मला माहीत नव्हतं. तिच्या चालीत शेवटच्या चार अक्षरांना सहा अक्षरांइतकीच जागा मिळते, 'दूर' चा ऊकार लांबत लांबत जातो आणि टाळ थांबून असतात. माझ्या दीड सेकंदाच्या युक्तीपेक्षा फार चांगलं.

दुसऱ्या आवर्तनाला लक्षात आलं, ती 'लेकीला पंढरी' म्हणत होती. मंडळातल्या सगळ्या बायका तेच म्हणत होत्या. पंधरा जणी, पंधराही सासरी आलेल्या.

नंतर भांडी विसळताना तिला म्हटलं, मी 'लेकाला' लिहिलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली, "लेकीलाच आहे ते." आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

पुणे-सासवड तासाभराचा रस्ता. मी १४ जूननंतर थेट पालखीबरोबर आले होते, आणि त्यानंतर आज.

७ जुलै, सोमवार

फाइल उघडली. 'का' चा 'की' केला. अक्षरं तेवढीच.